स्किप केलं, तरी हिशेबात धरलं

यूट्यूबवर जाहिरात देणाऱ्या छोट्या व्यावसायिकाला महिन्याअखेर एजन्सीकडून एक रिपोर्ट येतो. किती वेळा जाहिरात दिसली, किती जणांनी ती पाहिली आणि त्यातून किती ऑर्डरी आल्या, असं सगळं त्यात नीट मांडलेलं असतं. आकडे खोटे नसतात. तरीही त्यांच्यावरून काढलेला निष्कर्ष पुष्कळदा साफ चुकतो आणि त्या चुकीची किंमत व्यावसायिकाच्या खिशातून जाते. ही चूक नेमकी कुठे होते हे समजायला जाहिरातशास्त्र शिकावं लागत नाही. एकच रिपोर्ट सावकाश वाचला तरी पुरतं.

रत्नागिरीहून पुण्या-मुंबईला हापूसच्या पेट्या घरपोच पाठवणारा एक बागायतदार डोळ्यांसमोर आणू. आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत; रिपोर्टची मांडणी मात्र खऱ्यासारखीच आहे. एप्रिलमध्ये त्याने तीस सेकंदांची, स्किप करता येणारी जाहिरात चालवली. जाहिरात ३,००,००० वेळा दिसली, म्हणजे तेवढी इम्प्रेशन झाली. व्ह्यू मिळाले ९०,०००, म्हणून व्ह्यू रेट ३० टक्के. एका व्ह्यूला ४० पैसे, म्हणून खर्च ३६,००० रुपये. ‘कन्व्हर्जन’च्या रकान्यात ४० ऑर्डरी आणि शेजारच्या ‘व्ह्यू-थ्रू कन्व्हर्जन’च्या रकान्यात ११०. एजन्सीने दोन्हींची बेरीज केली: १५० पेट्या, पेटीमागे जाहिरातखर्च २४० रुपये. बागायतदाराला पेटीमागे ४०० रुपये सुटतात. तेव्हा एजन्सीचा सल्ला असा की, मे महिन्यात बजेट दुप्पट करा.

हा सल्ला तपासायला आधी ‘व्ह्यू’ म्हणजे काय ते पाहू. व्हिडिओच्या आधी किंवा मध्ये येणारी आणि पाच सेकंदांनंतर स्किप करता येणारी जाहिरात यूट्यूबने २०१० च्या डिसेंबरात आणली. तिचा नियम असा: प्रेक्षकाने तीस सेकंद पाहिलं, किंवा जाहिरात त्याहून लहान असेल तर शेवटपर्यंत पाहिली, किंवा मध्येच तिच्यावर क्लिक केलं, तर एक व्ह्यू धरायचा. व्ह्यूमागे पैसे मोजण्याची पद्धत निवडली असेल तर पैसेही तेव्हाच लागतात. सहाव्या सेकंदाला स्किप केलं, तर जाहिरातदाराला काही पडत नाही. जाहिरातदाराच्या दृष्टीने ही सोय चांगलीच आहे. टीव्हीवरच्या जाहिरातीला असा मोबदल्याचा नियम कधीच नव्हता.

पण याच नियमामुळे व्ह्यू रेटचा आकडा फसवा होतो. समजा, बागायतदाराने तीच जाहिरात कापून वीस सेकंदांची केली. आता व्ह्यू मिळायला वीसच सेकंद थांबावं लागतं. बाविसाव्या-पंचविसाव्या सेकंदाला कंटाळून स्किप करणारे पूर्वी हिशेबाबाहेर राहत, आता ते सगळे व्ह्यूमध्ये जमा होतात. व्ह्यू रेट वाढतो आणि जाहिरात सुधारल्यासारखी वाटते. वास्तविक प्रेक्षक जितका वेळ थांबत होता तितकाच थांबतो आहे. म्हणून वेगवेगळ्या लांबीच्या दोन जाहिरातींचे व्ह्यू रेट शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा जाहिरातीचा पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण भाग किती जणांपर्यंत चालला हे दाखवणारे रकाने गूगल अॅड्समध्ये असतात, ते मागून घ्यावेत. लोक कुठे गळतात ते तिथे दिसतं.

स्किप न करणं म्हणजे आवडणं, हेही गृहीत धरता येत नाही. कणीक मळता मळता ओट्यावर फोन ठेवून रेसिपी पाहणाऱ्या बाईचे हात पिठात असतात. जाहिरात तीस सेकंद चालते आणि व्ह्यू नोंदला जातो. दिवाणखान्यातल्या स्मार्ट टीव्हीचा रिमोट सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला असेल, तर उठून स्किप कोण करणार? मोठ्यांच्या फोनवर लहान मूल कार्टून पाहत असेल, तर जाहिरात त्याच्यासमोर चालते आणि व्ह्यू खातं कोणाचं आहे त्याच्या नावावर पडतो. उलट एखादा माणूस पाच सेकंदांत ‘रत्नागिरी हापूस, थेट बागेतून’ एवढं ऐकतो, ओळखीचं आहे म्हणून स्किप करतो आणि संध्याकाळी बायकोला म्हणतो, ‘यंदा पेटी मागवायची का?’ त्याच्यावर जाहिरातीचा परिणाम झाला आणि व्ह्यू मात्र मिळाला नाही. म्हणूनच अनुभवी जाहिरातकार नाव आणि माल पहिल्या पाच सेकंदांतच दाखवतात. तसं केल्याने व्ह्यू रेट घसरू शकतो आणि जाहिरात तरीही जास्त उपयोगाची ठरू शकते.

स्किप करता न येणाऱ्या जाहिरातींचं गणित याहून निराळं आहे. सहा सेकंदांची बंपर जाहिरात असो की पंधरा सेकंदांची नॉन-स्किपेबल, प्रेक्षकापुढे थांबण्यावाचून पर्याय नसतो आणि पैसेही दर हजार इम्प्रेशनला लागतात. ‘आमची जाहिरात ९५ टक्के लोकांनी पूर्ण पाहिली’ असं कोणी सांगितलं, तर पहिला प्रश्न हाच विचारायचा की, त्यांना ती बंद करता येत होती का?

जाहिरातीचे आकडे मोजणारी कंपनी आणि जागा विकणारी कंपनी एकच असते, हेही ध्यानात ठेवावं लागतं. २०१६ मध्ये फेसबुकने कबूल केलं की, व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहिला जातो हा आकडा ते सुमारे दोन वर्षं फुगवून दाखवत होते. सरासरी काढताना तीन सेकंदांपेक्षा कमी पाहणारे वगळले जात होते, त्यामुळे राहिलेल्यांची सरासरी आपोआप वर गेली. या प्रकरणात जाहिरातदारांनी दावा लावला आणि २०१९ मध्ये तो ४ कोटी डॉलरवर मिटला. भागाकारात खाली कोणाला धरलं आहे हे विचारल्याशिवाय कुठल्याही सरासरीवर विश्वास ठेवू नये, एवढं त्यातून जाहिरातदार शिकले.

व्ह्यू रेटच्या चुकीने फार तर जाहिरातीच्या दर्जाबद्दल गैरसमज होतो. व्ह्यू-थ्रू कन्व्हर्जनच्या चुकीने पैसे जातात, म्हणून तिकडे जरा जास्त वेळ थांबायला हवं.

गूगल अॅड्समध्ये व्ह्यू-थ्रू कन्व्हर्जन कसं नोंदलं जातं ते एका ग्राहकाच्या बाबतीत पाहू. कोथरूडमधल्या एक काकू दरवर्षी याच बागायतदाराकडून पेटी मागवतात. मागच्या वर्षी त्यांनी वेबसाइटवरूनच ऑर्डर दिली होती, त्यामुळे ‘पूर्वी साइटवर आलेले लोक’ या यादीत त्या आहेत आणि जाहिरात दाखवताना एजन्सीने ही यादी आवर्जून निवडली आहे. मंगळवारी सकाळी भजन लावताना त्यांच्यासमोर जाहिरात येते. पाच सेकंद होतात, त्या स्किप करतात. व्ह्यू नाही, क्लिक नाही, बागायतदाराला खर्च नाही. फक्त एक इम्प्रेशन नोंदलं जातं. बुधवारी सकाळी त्यांची बहीण फोनवर म्हणते, ‘अगं, अक्षय्य तृतीया जवळ आली, आंबे सांगितलेस का?’ काकू फोन ठेवतात, वेबसाइट उघडतात आणि पेटी मागवतात. इम्प्रेशन होऊन चोवीस तास उलटलेले नाहीत. व्ह्यू-थ्रूची मुदत बदललेली नसेल तर ती एक दिवस असते. झालं, ही ऑर्डर व्ह्यू-थ्रू कन्व्हर्जन म्हणून रिपोर्टमध्ये गेली.

या नोंदीत काहीही खोटं नाही. जाहिरात दिसली, तिच्याशी कसलाही व्यवहार झाला नाही आणि नंतर मुदतीत खरेदी झाली. व्ह्यू-थ्रूचा अर्थ इतकाच आहे. ‘नंतर’ घडलं एवढं त्यातून कळतं, ‘मुळे’ घडलं का ते कळत नाही. लग्नाला आलेल्या पाहुण्यांना मंगल कार्यालयाच्या दारात पत्रिका वाटायच्या आणि मग पत्रिका मिळालेले सगळे लग्नाला आले म्हणून आनंद मानायचा, तशातला हा हिशेब आहे. गूगलनेही हा रकाना मुख्य ‘कन्व्हर्जन’मध्ये मिसळलेला नाही, तो वेगळा ठेवला आहे. बेरीज एजन्सीने केली.

मुख्य रकान्यातल्या ४० ऑर्डरींकडेही डोळसपणे पाहायला हवं. त्यात क्लिक करून आलेले असतात आणि ‘एंगेज्ड-व्ह्यू’वालेही असतात. स्किप करता येणारी जाहिरात निदान दहा सेकंद पाहिली, क्लिक केलं नाही आणि ठरलेल्या मुदतीत खरेदी केली, तर ते एंगेज्ड-व्ह्यू कन्व्हर्जन. ही मुदत बदलली नसेल तर तीन दिवसांची असते. पाच सेकंदांत निघून गेलेल्यापेक्षा हा पुरावा थोडा भक्कम आहे. पण दहा सेकंद थांबणाऱ्यांत आधीपासूनचे गिऱ्हाईकच जास्त असणार, हा प्रश्न उरतोच.

मुदतीवरून एक तपासणी घरबसल्या करता येते. व्ह्यू-थ्रूची मुदत तीस दिवसांपर्यंत वाढवता येते. हापूसच्या हंगामात तीस दिवसांची मुदत ठेवली, तर महिन्यात ज्याने ज्याने जाहिरात पाहिली आणि पेटी घेतली तो जवळजवळ प्रत्येक जण त्या रकान्यात येईल. जाहिरात तीच, ग्राहक तेच, आकडा मात्र काही पट. तेव्हा दोन महिन्यांच्या रिपोर्टची तुलना करण्यापूर्वी दोन्हींची मुदत एकच होती ना, हे विचारावं. शिवाय हीच काकूंची ऑर्डर दुसरा प्लॅटफॉर्मही आपल्या नावावर लिहू शकतो. मेटाच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये क्लिकनंतर ७ दिवस आणि नुसतं पाहिल्यानंतर १ दिवस अशी मुदत असते. काकूंनी मंगळवारी रात्री इन्स्टाग्रामवरही हीच जाहिरात पाहिली असेल, तर एका पेटीवर दोघांचा दावा. दोन डॅशबोर्डांची बेरीज वहीतल्या ऑर्डरींपेक्षा जास्त भरली, तर नवल वाटायला नको.

यावर कोणी म्हणेल, ठीक आहे, काकूंसारखे जुने गिऱ्हाईक वगळू. ज्यांनी जाहिरात पाहिली त्यांच्या आधीच्या आठवड्यातल्या वागण्याशी नंतरच्या वागण्याची तुलना करू. ही तपासणी वाजवी वाटते, पण तीही फसते. याहूमध्ये काम करणारे रँडल लुइस, जस्टिन राव आणि डेव्हिड रायली यांनी २०११ मध्ये तीन नियंत्रित प्रयोग मांडले. जाहिरात पाहिलेले लोक त्याच दिवशी त्या ब्रँडचा शोध नेहमीपेक्षा कितीतरी जास्त घेत होते. पण त्याचं कारण जाहिरात नव्हती. एका प्रयोगात तर जाहिरात पाहिलेल्यांनी त्याच दिवशी जाहिरातदाराच्या प्रतिस्पर्ध्याच्या साइटवर मोठ्या संख्येने खाती उघडली होती, जाहिरातीचा खरा परिणाम नाममात्र असताना! उलगडा साधा होता. ज्या दिवशी माणूस ऑनलाइन जास्त वेळ असतो, त्या दिवशी तो सगळंच जास्त करतो: जास्त जाहिराती पाहतो, जास्त शोधतो, जास्त खरेदी करतो. जाहिरात आणि खरेदी एका दिवशी आल्या, कारण माणूस त्या दिवशी फोनवर होता. संशोधकांनी याला अॅक्टिव्हिटी बायस म्हटलं. एक दिवसाच्या व्ह्यू-थ्रू मुदतीत नेमका हाच दिवस सापडतो.

आणखी एक गुंता हल्लीच्या यंत्रणेने वाढवला आहे. ‘मला कन्व्हर्जन हवीत’ असं लक्ष्य दिलं की यंत्रणा खरेदीची शक्यता जास्त असलेले लोक शोधून त्यांनाच जाहिरात दाखवते. ती आपलं काम चोख करते. पण खरेदीची शक्यता सर्वात जास्त कोणाची? जे तसेही घेणारच होते त्यांची. यंत्रणा जितकी हुशार, तितका दाखवलेला आकडा मोठा आणि जाहिरातीच्या खऱ्या कामगिरीचा अंदाज तितकाच अवघड.

मग खरं काय ते कसं कळावं? ज्यांना जाहिरात दाखवता आली असती अशा लोकांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडून मुद्दाम जाहिरात दाखवायची नाही, आणि दोन्ही गटांच्या खरेदीची तुलना करायची. यात अडचण अशी की, न दाखवलेल्या गटातले कोण कोण त्या वेळी फोनवर होते हे कळलं पाहिजे, नाहीतर तुलना पुन्हा वाकडी होते. त्यावर गॅरेट जॉन्सन, रँडल लुइस आणि एल्मार नुबेमायर यांनी २०१७ मध्ये मांडलेली युक्ती सुरेख आहे. लिलावात जाहिरात जिंकली असती पण मुद्दाम दाखवली नाही, त्या क्षणाची नोंद ठेवायची. तिला ते घोस्ट अॅड म्हणतात. मग जाहिरात पाहिलेल्यांची गाठ थेट पाहिली असती अशांशी घालता येते.

आपल्या बागायतदाराने असा प्रयोग केला असं समजू. यादीत १,२०,००० लोक. त्यातल्या ९६,००० जणांना जाहिरात दाखवली, २४,००० जणांना नाही. दाखवलेल्यांत ४८० पेट्या खपल्या, म्हणजे हजारी पाच. न दाखवलेल्यांत १०८ पेट्या, म्हणजे हजारी साडेचार. जाहिरात नसती तरी ९६,००० जणांनी हजारी साडेचारच्या हिशेबाने ४३२ पेट्या घेतल्याच असत्या. जाहिरातीने वाढवल्या त्या ४८. खर्च ३६,००० रुपये, म्हणजे वाढीव पेटीमागे ७५० रुपये. नफा पेटीला ४००. रिपोर्टप्रमाणे पेटीमागे १६० रुपये हाती उरत होते, प्रयोगाप्रमाणे प्रत्येक वाढीव पेटीवर ३५० रुपये जात आहेत. मे महिन्यात बजेट दुप्पट करण्याचा सल्ला इथे कोसळतो.

पण इथेही घाई करून चालणार नाही. न दाखवलेल्या गटात १०८ ऐवजी नुसत्या योगायोगाने ९८ किंवा ११८ पेट्या गेल्या असत्या, तर त्यात आश्चर्य नव्हतं. एवढ्या लहान संख्येत दहा-अकराचा चढउतार नेहमीचाच. हा गट दुसऱ्याच्या चौथाई असल्यामुळे त्याचा दहाचा फरक आपल्या हिशेबात चाळीसचा होतो. दाखवलेल्या गटाचा चढउतार धरला तर ४८ या आकड्यावर साधारण ४७ ची अनिश्चितता बसते. संख्याशास्त्रातली नेहमीची दुप्पट मोकळीक ठेवली, तर खरी वाढ शून्याच्या खालीही असू शकते आणि १४० च्या आसपासही असू शकते. म्हणजे जाहिरात निरुपयोगी आहे, हेही या प्रयोगाने सिद्ध होत नाही. लुइस आणि राव यांनी २०१५ मध्ये पंचवीस मोठ्या प्रयोगांचा आढावा घेऊन हेच दाखवलं: खरेदीतला नैसर्गिक चढउतार इतका मोठा आणि जाहिरातीचा परिणाम त्यामानाने इतका बारीक असतो की, मोठमोठ्या कंपन्यांनाही नफा-तोटा ठामपणे सांगता येत नाही. एका हंगामातल्या पाचशे पेट्यांवर दशांशापर्यंतचा नफा सांगणाऱ्या रिपोर्टकडे त्यामुळे मी संशयानेच पाहते.

छोट्या व्यावसायिकाला प्लॅटफॉर्मकडून असा प्रयोग सहसा करून मिळत नाही, त्याला पुरेशा ऑर्डरी आणि बजेट लागतं. त्याच्या आवाक्यातला मार्ग शहरांचा आहे. पहिले दोन आठवडे पुणे आणि कोल्हापुरात जाहिरात चालू, नाशिक आणि नागपुरात बंद. पुढचे दोन आठवडे उलट. अदलाबदल यासाठी की, अक्षय्य तृतीयेची मागणी आणि मे महिन्यात उतरणारे भाव सगळ्याच शहरांना लागू होतात आणि तुलनेतून बरेचसे वजा होतात. मोजायच्या त्या वहीतल्या ऑर्डरी, डॅशबोर्डवरच्या नव्हेत.

यात दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. गूगल अॅड्समध्ये ठिकाण निवडताना आधीपासून `Presence or interest` हा पर्याय लागलेला असतो. त्यामुळे पुण्यात ‘रस असलेल्या’ नाशिककरालाही जाहिरात दिसू शकते आणि बंद शहरात ती गळते. प्रयोगापुरता `Presence` निवडावा. दुसरा घोळ पत्त्याचा. पुण्यात नोकरी करणारा मुलगा नागपूरच्या आईवडिलांना पेटी पाठवतो. जाहिरात पुण्यात दिसली, पेटी नागपूरला गेली आणि पोहोचवण्याच्या पत्त्यावरून मोजलं तर ऑर्डर चुकीच्या शहरात पडली. म्हणून ऑर्डर घेतानाच ‘तुम्ही कुठून बोलताय?’ एवढं विचारून पैसे देणाऱ्याचं शहर वेगळ्या रकान्यात लिहावं.

चार आठवड्यांनी फरक ठळक दिसला, तर जाहिरात चालू ठेवायला कारण मिळालं. फरक दिसला नाही, तर पुढच्या हंगामात आधी साइटवर आलेल्यांची यादी वगळून, फक्त नव्या लोकांना जाहिरात दाखवून हाच प्रयोग पुन्हा करावा. त्यात व्ह्यू रेट खाली येईल, व्ह्यू-थ्रूचा रकाना रोडावेल आणि एजन्सीचा रिपोर्ट नेहमीइतका देखणा दिसणार नाही. कोथरूडच्या काकूंची पेटी मात्र तेव्हा कोणाच्याच खात्यात जाहिरातीची कमाई म्हणून लिहिली जाणार नाही.